करार एक, एलसी दुसरी आणि वणवण आमची

सांगलीहून दुबईच्या जेबेल अली बंदराला जाणाऱ्या ५० टन हळदीच्या करारावर खरेदीदाराने स्वतः सही केली असताना, त्याच्याच अर्जावरून उघडलेली एलसी, म्हणजे ठरलेली कागदपत्रे दिल्यावर पैसे देण्याची बँकेची लेखी हमी, त्या कराराच्या नेमकी उलट यावी, याचा मला मनस्वी संताप आला आहे. माल दोन खेपांत जाईल आणि बंदरावर स्वतंत्र संस्था त्याची तपासणी करेल, असे करारात स्पष्ट लिहिले आहे. एलसीमध्ये मात्र अंशतः पाठवणीस मनाई आहे आणि तपासणी प्रमाणपत्रावर खरेदीदाराच्याच प्रतिनिधीची सही हवी आहे. जुन्या एलसीचा मसुदा उघडून फक्त रक्कम बदलायची आणि करार समोर ठेवून ताडून पाहायचे कष्टही घ्यायचे नाहीत, हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे.

यांतली दुसरी अट अधिक घातक आहे, कारण बाजारभाव पडला आणि त्या प्रतिनिधीने सही दिली नाही, तर माल जहाजावर चढूनही मला पैसे मिळणार नाहीत. करार दाखवून बँकेशी भांडता येत नाही. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या चौथ्या कलमानुसार एलसी हा विक्री करारापासून वेगळा व्यवहार आहे आणि बँक पाहते ती फक्त कागदपत्रे. तरीही कागदपत्रे एलसीशी न जुळण्याला, म्हणजे डिस्क्रिपन्सीला, किरकोळ समजून आमच्या बँकेतले साहेब सांगतात, "माल पाठवून द्या, डिस्क्रिपन्सी खरेदीदार मान्य करील." तो मान्य करील की भावात सूट मागेल, याची हमी ते देणार आहेत का?

दुरुस्तीचा अर्ज मला थेट करता येत नाही. तो खरेदीदाराने त्याच्या बँकेत करायचा असतो. म्हणून दोन्ही कलमांचे जुने आणि हवे असलेले शब्द समोरासमोर मांडून मी त्याला पत्र पाठवले, चार वेळा फोन केले आणि तब्बल १२ दिवसांनी दुरुस्ती आली. तिच्यात दोन खेपांना परवानगी होती, पण तपासणीची अट तशीच होती आणि वर जहाजात माल चढवण्याची अंतिम तारीख कोणालाही न विचारता १० दिवस अलीकडे आणली होती! दहाव्या कलमानुसार दुरुस्तीचा सोयीचा भाग घेऊन उरलेला सोडता येत नाही, अंशतः स्वीकार म्हणजे नकारच. त्यामुळे हवी असलेली परवानगीही मला सगळ्या दुरुस्तीसकट लेखी नाकारावी लागली. सात दिवसांत नकार न कळवल्यास दुरुस्ती मान्य समजली जाईल, अशी ओळही तिच्यात घुसडली होती, जी याच कलमानुसार विचारातच घेतली जात नाही.

आता मूळ एलसी जशीच्या तशी लागू आहे, कंटेनरचे बुकिंग रद्द झाले आहे आणि हळद गोदामात पडून आहे. चूक खरेदीदाराची असताना दुसऱ्या दुरुस्तीचा खर्च लाभार्थ्याने, म्हणजे मी, सोसावा, असे त्याने काल कळवले. तो मी देणार नाही, आणि दोन्ही अटी करारानुसार बदलल्याशिवाय एक पोतेही गोदामाबाहेर काढणार नाही, असे मी आज त्याला लेखी कळवले आहे.