पोळ्याची अमावस्या नेमकी कुठल्या महिन्याची?

"शेजारच्या उत्तर भारतीय काकूंच्या पंचांगात पोळ्याची अमावस्या भाद्रपदाची कशी?"

दिवस एकच, महिन्याचं नाव वेगळं. आपला महिना अमावस्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे श्रावण शुद्ध पक्ष दोघांचा सारखाच. २०२४ मध्ये नागपंचमी ९ ऑगस्टला आली आणि दहा दिवसांनी, १९ला, नारळी पौर्णिमा. वरळीच्या कोळीवाड्यात दर्याला नारळ वाहिला, त्याच दिवशी काकूंचा श्रावण संपला. आपला मात्र अजून अर्धा उरला होता! आपल्या श्रावण वद्य पक्षाला त्या भाद्रपद कृष्ण पक्ष म्हणतात. म्हणून २ सप्टेंबरचा पोळा आपल्याकडे श्रावणाचा शेवट, त्यांच्याकडे भाद्रपदाचा मध्य. गोकुळाष्टमीचंही तसंच. पुढे शुद्ध पक्ष लागला की नावं पुन्हा जुळतात, म्हणून गणेश चतुर्थी दोन्हीकडे भाद्रपदातच.