अठ्ठेचाळीस हजारांसाठी कोर्टात जायचं का?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत पैसे अडकले की एकच सल्ला मिळतो, "मालक, केस टाका." मीही टाकणारच होतो. पंढरपूरच्या एका लॉजवाल्याला चाळीस डझन टॉवेल दिले, डझनाला सोळाशे, म्हणजे चौसष्ट हजारांचा माल. सोळा हजार आले आणि मग फोन उचलणं बंद. राहिले अठ्ठेचाळीस.

वकीलसाहेबांनी चलन आणि बिल्टी मागितली. चलनावर मॅनेजरची सही होती, ते बरं झालं. मग त्यांनी विचारलं, "हुकूमनामा मिळाला तर जप्त काय करणार?" याचा मी विचारच केला नव्हता. चौकशी केली तर लॉज चालवायला घेतलेलं, इमारत दुसऱ्याची, गाडी मेव्हण्याच्या नावावर.

लोकांना वाटतं निकाल लागला की पैसे मिळाले. तसं नसतं. निकालानंतर पैसे आले नाहीत तर वसुलीसाठी वेगळी दरखास्त दाखल करावी लागते, आणि ऋणकोच्या नावावर काय आहे ते आपल्यालाच शोधून द्यावं लागतं. आमच्या शेजारच्या मागवाल्यानं पस्तीस हजारांचा दावा जिंकला, त्याला चार वर्षं लागली. बेलीफ गेला तेव्हा दुकान बायकोच्या नावावर निघालं. तो हुकूमनामा अजून त्याच्या कपाटात आहे. दरखास्तीला बारा वर्षांची मुदत असते, म्हणून तो म्हणतो, बघू. माझ्या मते तो हरलेलाच आहे, फक्त कागदावर जिंकलाय.

मी आधी वकिलामार्फत नोटीस पाठवली. नोटिशीशिवाय तो बोलायलाच आला नसता, त्यामुळे "कोर्टाबिर्टाची भाषाच नको, गोडीत मिटवा" म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. उत्तर आलं: तीन डझनांचा रंग गेला, पांढऱ्या चादरी खराब झाल्या, पैसे देणार नाही. मला राग आला. घरी येऊन त्याच लॉटमधला एक टॉवेल गरम पाण्यात टाकला. पाणी गुलाबी झालं. काय बोलणार?

मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज दिला. दावा दाखल नसतानाही लोकअदालतीत जाता येतं, आणि त्याला कोर्ट फी नाही. समोरच्याला नोटीस जाते. मात्र तो आलाच नाही किंवा कबूल झाला नाही, तर लोकअदालत त्याच्यावर निर्णय लादू शकत नाही. तेव्हा आपण होतो तिथेच.

हा आला. तीन डझनांचे अठ्ठेचाळीसशे मी आपणहून सोडले, कारण चूक माझी होती. वर बाराशे सोडले ते कटकट संपावी म्हणून. बेचाळीस हजार ठरले, चौदा हजारांचे तीन हप्ते. तडजोडीत वकीलसाहेबांनी एक वाक्य घालून घेतलं: एकही हप्ता चुकला तर सवलत रद्द, पूर्ण अठ्ठेचाळीसमधले राहिलेले सगळे पैसे एकदम देणं लागेल. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, सरळ दरखास्त करता येते. चहाच्या टपरीवर झालेल्या "देतो की" ला हे बळ नसतं.

दुसरा हप्ता चुकलाच. मी त्याला निवाड्याच्या त्या ओळीचा फोटो पाठवला. चार दिवसांत चौदा हजार आले. कागदाप्रमाणे सवलत गेली होती, पण मी ताणलं नाही. तिसरा वेळेवर आला.

बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही, हे मात्र डोक्यात ठेवा. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दाव्याची मुदत तीन वर्षं. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर माल पोचवल्यापासून मोजायची, ठरलेली असेल तर ती संपल्यापासून. गोड बोलून तीन वर्षं काढणारे आपल्याकडे कमी नाहीत. मुदत संपायच्या आत "इतकी बाकी मान्य" असं लिहून सही घेतली, तर तिथून पुन्हा तीन वर्षं मिळतात. व्हॉट्सॲपवरच्या "पुढच्या महिन्यात नक्की" वर मी विसंबणार नाही, वहीवर सही घेईन.

मग दावा कधीच करू नये का? करावा. माणूस "माल मिळालाच नाही" म्हणतोय, आपल्याकडे सही आहे आणि त्याच्या नावावर दुकान किंवा प्लॉट आहे, तिथे बोलण्यात वेळ घालवू नका. चेक परत आला असेल तर गोष्टच वेगळी: बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस, आणि तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार. त्या शेजाऱ्याकडे चेक होता. तो तीस दिवस दुकानावर फेऱ्या मारत बसला.