मेंदी रात्रभर भिजवा, इंडिगो मात्र घड्याळ समोर ठेवूनच कालवा

मेंदी आणि इंडिगो लावूनही केस काळे न होता लाल, नारिंगी किंवा हिरवट झाले, ही तक्रार सतत वाचायला मिळते. लगेच सल्ले सुरू होतात: कॉफी घाला, लवंग घाला, अमुक पावडर घ्या. माझं मत स्पष्ट आहे. पावडर ताजी असेल तर बहुतेक वेळा बिघडतो तो वेळेचा हिशोब, कारण लोक इंडिगोलाही मेंदीसारखंच वागवतात. दोन्ही पानांचीच पूड, दोन्ही हिरवी, पण रंग देण्याची त्यांची रीत अगदी उलटी आहे. ती एकदा समजली की बाकीचं आपोआप जुळतं.

आधी मेंदी. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं नारिंगी-लाल रंगद्रव्य असतं, पण ते सुरुवातीला मोकळं नसतं. पूड भिजवल्यावर हळूहळू सुटतं, आणि थोडा आंबटपणा असेल तर सुटलेला रंग जास्त वेळ टिकतो. म्हणून कोमट पाण्यात एक-दोन चमचे लिंबाचा रस घालून खोलीच्या तापमानाला आठ ते बारा तास ठेवायची. फार लिंबू नको, केस कोरडे पडतात. रंग सुटला की नाही हे ओळखायला पेस्टचा टिपका तळहातावर पाच मिनिटं ठेवून पुसा, नारिंगी डाग दिसला की मेंदी तयार. लॉसोन केसातल्या केराटिनला धरून बसतं, त्यामुळे मेंदीचा रंग धुऊन जवळजवळ जात नाही. पांढऱ्या केसावर तो पहिल्या दिवशी भडक नारिंगी दिसतो आणि दोन-तीन दिवसांत हवेने गडद होत तांबूस होतो.

आता इंडिगो. ही नीळीच्या झाडाच्या पानांची पूड. कपड्यांना घालायची नीळ नव्हे, ती चुकूनही डोक्याला लावू नका. या पानात निळा रंग तयार नसतोच, असतो तो इंडिकन नावाचा बिनरंगी पदार्थ. पाणी लागलं की पानातलंच एक एन्झाइम त्याला फोडतं, त्यातून इंडॉक्सिल निघतं आणि इंडॉक्सिलचे दोन कण हवेतल्या ऑक्सिजनने जोडले गेले की निळा इंडिगो बनतो. सगळा खेळ इथे आहे. इंडॉक्सिल पाण्यात विरघळतं आणि केसात शिरतं, तयार झालेला निळा रंग मात्र पाण्यात विरघळत नाही. म्हणजे रंग केसाच्या आत जाऊन निळा व्हायला हवा. तो वाडग्यातच निळा झाला तर केसावर नुसता बसतो आणि पहिल्याच धुण्यात वाहून जातो.

यातूनच इंडिगोचे सगळे नियम निघतात. पाणी कोमटच हवं, उकळतं नको, कारण उकळत्या पाण्याने एन्झाइम निकामी होतं. लिंबू, दही, ताक असं आंबट काहीही नको. कालवल्यावर दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं आणि वर निळसर-काळपट थर दिसू लागला, ओल्या पानांसारखा वास आला की लगेच लावायला घ्यायचं. पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत लावून संपायला हवं. केस दाट असतील तर दोन वाडगी करा, दुसरं वाडगं पहिलं संपत आल्यावर कालवा. रात्री भिजवून सकाळी लावलेल्या इंडिगोतून चिखलाखेरीज फारसं काही मिळत नाही.

पावडर ताजी आहे का, हेही याच पद्धतीने कळतं. चमचाभर पूड कोमट पाण्यात कालवून पंधरा मिनिटं ठेवा. वरचा थर निळा-काळा झाला तर चांगली. तासाभरानेही हिरवीच राहिली तर ती जुनी किंवा दमट झालेली आहे, ती लावण्यात अर्धा दिवस घालवू नका. उरलेली पूड हवाबंद डब्यात, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवा.

मग दोन्ही एकत्र करायची की एकामागून एक? पांढरे केस थोडे आणि विखुरलेले असतील आणि तपकिरी रंग चालणार असेल, तर एकत्र मिश्रण पुरतं. समान भाग घेतले तर मध्यम तपकिरी, मेंदीच्या दुप्पट इंडिगो घेतला तर गडद तपकिरी. मात्र तेव्हाही मेंदी रात्रभर वेगळी भिजवायची, इंडिगो ऐनवेळी कालवायचा आणि लावण्याच्या क्षणी दोन्ही एकत्र करायचं. काळा रंग हवा असेल किंवा पांढऱ्याचं प्रमाण जास्त असेल, तर दोन टप्प्यांना पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे. आधी लावलेली मेंदी तांबूस तळ देते आणि त्यावर बसलेला निळा त्याच्याशी मिळून काळा दिसतो. थेट पांढऱ्यावर नुसता इंडिगो लावला तर केस निळसर-जांभळट दिसतात आणि तोही रंग लवकर विटतो.

एक उदाहरण पूर्ण पाहू. केस खांद्यापर्यंत, आधी रंगवलेले, मुळाशी दीड-दोन सेंटिमीटर नवीन वाढ, कानशिलांजवळ पांढरे दाट, रंग हवा काळा. फक्त मुळांसाठी साधारण 60 ग्रॅम मेंदी आणि 75 ग्रॅम इंडिगो पुरेल. संपूर्ण केस पहिल्यांदाच करायचे असतील तर दोन्ही दीडशे ग्रॅमच्या आसपास धरा. शुक्रवारी रात्री 10 वाजता 60 ग्रॅम मेंदी अंदाजे 200 मिली कोमट पाण्यात भिजवली, दह्याइतकी घट्ट. शनिवारी सकाळी केस शॅम्पूने धुतले, कंडिशनर नाही, तेल नाही. तेलाचा किंवा सिलिकॉनचा थर असेल तर रंग आत जात नाही. पांढऱ्या केसांचे डाग राहतात, त्याचं हे सर्वांत मोठं कारण.

8 वाजता मेंदी लावायला सुरुवात, तीही आधी कानशिलं आणि कपाळाजवळची रेघ. तिथले पांढरे केस जाडसर, ताठ असतात, रंग उशिरा घेतात, म्हणून त्यांना सर्वांत जास्त वेळ मिळायला हवा. बोटाने चोळून पुसट थर देऊ नका, पेस्ट मुळावर जाड थापा आणि केस झाकले जातील अशी दाबा. वरून प्लॅस्टिकची टोपी. पेस्ट वाळली की काम थांबतं, म्हणून टोपी शोभेची नाही, गरजेची आहे. पूर्ण तीन तास. 11 वाजता साध्या पाण्याने, कण अजिबात उरणार नाहीत इतकं धुवा. कण राहिले तर तिथे इंडिगो पोहोचत नाही. या क्षणी मुळं भडक नारिंगी दिसतील. घाबरण्यासारखं काही नाही, तेच हवं आहे. उलट फिकट पिवळसर दिसत असतील तर मेंदीला वेळ कमी मिळाला किंवा पूड कमजोर होती. अशा तळावर इंडिगो हिरवट दिसेल, तेव्हा पुढे न जाता आणखी एक-दोन तास मेंदी लावा.

केस टॉवेलने टिपून ओलसर ठेवले. सव्वाअकराला इंडिगो कालवला, हवं तर अर्धा चमचा मीठ घालून, साडेअकराला लावायला घेतला. क्रम तोच, कानशिलांपासून. पुन्हा टोपी, दीड ते दोन तास. दीड वाजता साध्या पाण्याने धुतला. पाणी बराच वेळ हिरवट-निळं येत राहतं, तो न चिकटलेला रंग आहे. पुढच्या एक-दोन धुण्यांतही थोडा येईल, उशीवर जुना टॉवेल टाका.

त्या संध्याकाळी आरशात केस हिरवट किंवा निळसर झाक असलेले दिसू शकतात. माझी कळकळीची विनंती आहे, तेव्हा निकाल लावू नका आणि शॅम्पूही लावू नका. आत शिरलेलं इंडॉक्सिल अजून हवेशी जुळतं आहे. सोमवार दुपारपर्यंत, म्हणजे 48 तास, केसांना शॅम्पू आणि तेल नको. खरा रंग दोन-तीन दिवसांनी दिसतो. लग्नाला किंवा समारंभाला जायचं असेल तर तीन दिवस आधी करा, आदल्या दिवशी नको.

आता मर्यादा, त्या लपवण्यात अर्थ नाही. एवढ्या प्रक्रियेला भिजवणं सोडून साडेपाच तास जातात, आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणून दाट पांढरे असतील तर तीन आठवड्यांत मुळाशी रेघ दिसणारच. इंडिगो मेंदीइतका पक्का बसत नाही, तो केसात अडकून राहिलेला असतो, त्यामुळे धुता धुता निळा कमी होतो आणि तांबूस डोकावू लागतो. त्यावर पूर्ण केसांना पुन्हा मेंदी लावणं हा उपाय नव्हे. मेंदीचे थर साचत जातात आणि लांबीवरचे केस जड, काळपट-लाल होतात. दरवेळी मेंदी फक्त मुळांना, आणि लांबी तांबूस वाटली तर दोन-तीन वेळांतून एकदा तिला नुसता इंडिगो अर्धा तास. या दोन्हींनी केस फिकट करता येत नाहीत, आहे त्यापेक्षा गडदच होतात. इंडिगो लावलेले केस पुढे कधी ब्लीच केले तर ते हिरवे पडू शकतात आणि तो हिरवा काढणं फार अवघड जातं. काही वर्षांत फिकट रंगाकडे वळायचा विचार असेल तर इंडिगोला हातच लावू नका.

आणि ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणारं, अर्ध्या तासात केस काळे करणारं जे असतं, ते वर सांगितलेलं यातलं काहीच नव्हे. मेंदीचं पान काळा रंग देत नाही. इतक्या लवकर काळं होत असेल तर त्यात बहुतेक पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलिनडायअमाइन हे केस रंगवण्याचं रसायन असतं. त्याची अॅलर्जी एकदा जडली की आयुष्यभर राहू शकते. पाकिटावरची घटकांची यादी वाचा. यादीच नसेल तर घेऊ नका. शुद्ध पुडीचीसुद्धा कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला चाचणी करून 48 तास थांबा. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांनी मेंदी टाळावी, कारण लॉसोनमुळे त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात. लहान मुलांत हा धोका जास्त गंभीर असतो.