तात्यांचे मोजे आणि माझी मोटर

काल पाणी समितीच्या बैठकीत गावची मोटर ठीक झाल्याबद्दल तात्यांचं टाळ्या वाजवून अभिनंदन झालं. मी तेव्हा मागच्या खुर्च्या पुसत होतो. मोटर मी ठीक केली होती. तात्यांनी काय केलं होतं? मोजे वाळत घातले होते.

त्याआधीचे तीन आठवडे माझे कसे गेले ते थोडक्यात उरकतो, कारण आठवलं की अजून डोकं तापतं. विहिरीत साडेसात हॉर्सपॉवरची सबमर्सिबल मोटर आहे, टाकी भरायला तिला तीन तास लागतात. पहाटे बटण दाबलं की ती गुमान सुरू व्हायची. वीसेक मिनिटांनी पॅनेलवर ‘लो व्होल्टेज’चा लाल दिवा लागायचा आणि ‘खट्’. मोटर बंद. बंद झाली की दिवाही साळसूदपणे विझायचा. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करायची, पुन्हा खट्. तीन तासांची टाकी मी साडेचार तासांत भरत होतो आणि उरलेला दिवस गावाच्या शिव्या खात होतो.

लाइनमन आला. मोटर बंद असताना त्याने तीन वायरींवर मीटर टेकवला, ४१५ दाखवलं, “फुल व्होल्टेज आहे” म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारली. मी म्हटलं, “दादा, मोटर चालू करून बघा ना.” तो म्हणाला, “चालू केली की ट्रिप होते ना? मग बघायचं कधी?” या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते मला तो वळणावरून दिसेनासा झाल्यावर सुचलं. माझी बहुतेक उत्तरं त्याच वळणावर सुचतात.

आता पॅनेलवर व्होल्टमीटर आहे, तो मी बघत नव्हतो का? बघत होतो की! मोटर चालू असताना तो इमानेइतबारे ४०० दाखवायचा. लोड आल्यावर ४१५ चे ४०० होणं काही वावगं नाही. तो लाल दिवा लावून मोटर बंद करणारा रिले मात्र ३७० ला लावलेला. त्याच्या खाली व्होल्टेज पाच सेकंद राहिलं तरच तो मोटर पाडतो. म्हणजे एकाच पेटीत दोन साक्षीदार, एक म्हणतो ४००, दुसरा म्हणतो ३७० पेक्षा कमी. सगळ्या गावाने व्होल्टमीटरवर विश्वास ठेवला, कारण त्याला काटा आहे. रिलेला नुसता दिवा. “तो दिवाच काढून टाक,” असा समितीचा तोंडी आदेश आला. “नाहीतर त्याची सेटिंग ३४० कर.” मी नाही केली. यात माझं शहाणपण नव्हतं, मोटर जळली तर ती विहिरीतून वर काढायला पुन्हा मलाच उभं राहावं लागतं, एवढंच.

आता तात्या.

तात्या रोज पहाटे गवतातून फिरून येतात आणि पंपघराच्या पायरीवर बसतात. मी मोटर चालवतो आणि ते मला चालवतात. मोटर का पडते यावर त्यांच्याकडे रोज नवा सिद्धांत असायचा.

“पाणी जड झालंय.”

“तात्या, पाणी जड कसं होईल?”

“पावसाळ्यात गाळ येतो. गाळ म्हणजे वजन. तू शिकलास किती?”

दुसऱ्या दिवशी म्हणाले, वीज ओली झाली आहे. तिसऱ्या दिवशी, पाइप लांब असल्यामुळे वीज परत यायला वेळ लागतो. चौथ्या दिवशी त्यांनी घरून होल्डरला लावलेला बल्ब आणला आणि तो माझ्या तोंडासमोर धरून म्हणाले, “हा घरी लख्ख पेटतो. म्हणजे व्होल्टेज आहे. म्हणजे दोष तुझ्यात आहे.” या तर्कात कुठे तरी भोक होतं, पण पहाटे साडेपाचला ते शोधायची ताकद नव्हती.

सल्ला संपला की तात्या बूट काढायचे. दवाने भिजलेले मोजे काढून पिळायचे आणि भिंतीवरच्या मेन स्विचच्या पेटीवर पसरायचे. मी एकदा म्हटलं, “तात्या, तिथे करंट आहे, ओलं काही ठेवू नका.” ते म्हणाले, “पेटी लोखंडाची आहे आणि मी बुटात उभा आहे.” मोजे काढलेला माणूस पुन्हा अनवाणी बूट घालून उभा राहतो, हे दृश्य मी तीन आठवडे रोज पाहिलं. ते मोजे तपकिरी होते. निदान तेव्हा तरी.

त्या मंगळवारी मोटर सुरू करायला मला उशीर झाला. तात्या पेटीपाशी उभे, कपाळाला आठ्या.

“अरे, चालू कर की लवकर! गार आहे अजून.”

“काय गार आहे?”

“पेटी! मोटर चालली की वीस मिनिटांत कशी छान तापते. डावीकडचा मोजा आधी वाळतो, उजवीकडचा तसाच राहतो. उद्यापासून दोन्ही डावीकडेच घालणार.”

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. मेन स्विच तापतो. मोटर चालली की तापतो. डावीकडे जास्त तापतो. आणि हे या माणसाला तीन आठवड्यांपासून माहीत होतं. पाणी जड झाल्याचं सांगितलं, वीज ओली झाल्याचं सांगितलं, हे नाही सांगितलं!

“तात्या, हे आधी का नाही बोललात?”

“तू मोज्यांबद्दल विचारलंस कधी?”

मोटर सुरू केली आणि घड्याळ लावून बसलो. वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा टाँग टेस्टर आणि मल्टिमीटर काढले. मोटरच्या पाटीवर १४ अँपिअर लिहिलंय. वीस मिनिटांनी टेस्टर एकेका वायरवर अडकवला तर लाल वायरीत १३, पिवळीत १८, निळीत १२. इथे मी मागच्या आठवड्यात फसलो होतो. पिवळीत करंट जास्त, म्हणजे पिवळीतच बिघाड, असं समजून तीन दिवस पिवळीचं प्रत्येक टोक घासून आवळलं होतं. ओरडत होती पिवळी, आजारी होती लाल. तीन फेजपैकी एकीचा दाब घटला की मोटरला मिळणारं व्होल्टेज वाकडं होतं, आणि त्याचा भार दुसऱ्याच कुठल्या तरी फेजवर पडतो. घरात रुसतो एक आणि राबतो दुसरा, तसलाच प्रकार.

मग मल्टिमीटरने पॅनेलच्या टोकांवर तिन्ही जोड्या मोजल्या. पिवळी-निळी ४००, लाल-पिवळी ३८६, लाल-निळी ३६२. रिले खरं बोलत होता! आणि व्होल्टमीटर? त्याचा जोडी बदलायचा खटका दोन वर्षांपूर्वी तुटला, तेव्हापासून तो पिवळी-निळीवरच अडकलाय. तीनपैकी जी एक जोडी धडधाकट होती, नेमकी तीच तो आम्हाला दाखवत राहिला. नवा खटका मागण्याचे माझे दोन अर्ज समितीच्या फायलीत आहेत. फाइल कुठे आहे ते मला माहीत नाही.

आता खरी तपासणी, जी लाइनमनने करायला हवी होती. (आणि मीही, मान्य.) लाल-निळीत व्होल्टेज मोजायचं नाही, एकट्या लाल वायरीवरच, एक टोक मेन स्विचच्या आत येण्याच्या बाजूला आणि दुसरं बाहेर पडून पॅनेलला जाण्याच्या बाजूला टेकवायचं, मोटर चालू असताना. रबरी हातमोजे घालून, मीटरच्या टोकांना नीट धरून, आणि तात्यांना पायरीवर बसवून. एकाच वायरीच्या दोन बिंदूंमध्ये व्होल्टेज जवळपास शून्य हवं. पिवळीवर अर्धा व्होल्टही नव्हता. निळीवर तेच. लालवर ३८.

३८ व्होल्ट आणि १३ अँपिअर, म्हणजे जवळजवळ ५०० वॉट उष्णता एका बोटभर जागेत. अर्धी इस्त्री! तात्यांचे मोजे गावाच्या पाण्यावर इस्त्री होत होते.

म्हणजे पेटीत लाल वायरीचा सांधा बिघडलेला. मोटर बंद असताना या सांध्यातून करंटच जात नाही, मग तिथे व्होल्टेज पडणार कसं? म्हणून लाइनमनला ४१५ दिसले. चालू केल्यावर थंड सांधा आठ-दहा व्होल्टच खायचा, म्हणून मोटर वीस मिनिटं तग धरायची. सांधा तापला की त्याचा रोध वाढायचा, रोध वाढला की आणखी तापायचा, आणि शेवटी रिले पडायचा. पडला की सांधा निवायचा, पुन्हा सगळं साव.

मेन स्विच पाडला, मीटरने खात्री केली, पेटी उघडली. लाल फेजच्या फ्यूजखाली काळी टेप गुंडाळलेली. टेप वितळून बिस्किटासारखी कडक झालेली. ती सोलली तर आत ॲल्युमिनियमच्या केबलला तांब्याचा वीतभर तुकडा नुसता पिळून जोडलेला. ॲल्युमिनियमवर हवेने ऑक्साइडचा थर चढतो, तो वीज नीट जाऊ देत नाही. शिवाय दाबाखाली ते हळूहळू पसरतं, त्यामुळे पीळ आपोआप सैल होतो. त्यात तांब्याची सोबत आणि पावसाळ्याची दमट हवा, की सांधा कुजायला वेळ लागत नाही. पांढरी भुकटी जमली होती, आणि पीळ बोटाने हलत होता.

“कुणी केलाय हा उद्योग?” तात्या माझ्या खांद्यावरून डोकावत म्हणाले.

मी काही बोललो नाही. मागच्या पावसाळ्यात केबलचं टोक जळलं होतं. कापल्यावर केबल आखूड पडली आणि घाईत हाताशी तांब्याचा तुकडा होता. ‘आत्ता पुरतं’ म्हणून ती गाठ मारली होती. टेपचे वळसे कोणाचे ते मला लगेच ओळखू आलं. मी टेप नेहमी उलटीकडून गुंडाळतो.

दुपारी सांध्याचा नादच सोडला. तिन्ही फेजना स्विचपासून पॅनेलपर्यंत अखंड तांब्याची केबल टाकली, टोकांना योग्य मापाचे लग दाबयंत्राने दाबून बसवले. संध्याकाळी तीन तास मोटर चालली. तिन्ही जोड्या ४०० च्या आसपास, तिन्ही वायरींत १४ ला जरा कमी. रिलेची सेटिंग ३७० वरच आहे.

तर बैठकीत तात्यांनी उठून सांगितलं, “मी याला म्हटलं, पेटीला हात लावून बघ.” टाळ्या. ती गाठ कोणी मारली असेल यावर चर्चा झाली, आणि माझ्या आधीच्या ऑपरेटरला सर्वानुमते दोष देण्यात आला. मी खुर्ची जरा जोरात पुसली.

आज पहाटे पंपघरात गेलो तर तक्रार वहीत तात्यांच्या हस्ताक्षरात नवी नोंद होती. ‘मंगळवारपासून मेन स्विच गरम होत नाही. ऑपरेटर लक्ष देत नाही.’ खाली शेरा, ‘चौकशी करून कळवावे’, आणि समितीचा शिक्का. पेटीवर दोन ओले मोजे होते, दोन्ही डावीकडे.