ट्रॅक्टरच्या चार बॅटऱ्या आणि बंद पडलेली लिथियम : एका प्रतिक्रियेला उत्तर

पूर्ण उतरून बंद पडलेली सोलरची लिथियम बॅटरी तिच्यावरच्या बटणाने आणि हळूहळू चार्ज करून कशी जागी करायची, यावर मी एक लेख लिहिला होता. त्यावर ही प्रतिक्रिया आली :

«साहेब, एवढं पुराण कायले लिहिता? आमच्या वावरातलं हायब्रिड इन्व्हर्टर असंच मेलं होतं. ट्रॅक्टरच्या चार बॅटऱ्या सिरीज केल्या, लिथियमले टेकवल्या, दोन मिनिटात चालू. बटन तर सगळ्या बॅटरीले नसतेच. कास्तकाराले भेव घालून स्वतःचं महत्त्व वाढवू नका. आणि फोटोही काही दिसत नाही.»

भाऊ, आधी बटणाचं. ते सगळ्या बॅटऱ्यांना नसतं, हे तुमचं बरोबर आहे. काहींना नुसता चालू-बंद स्विच असतो, काहींना तोही नसतो. फोटो अंधारातले आहेत, हेही मान्य.

पण ‘स्वतःचं महत्त्व वाढवू नका’ हे वाक्य मला लागलं. आयटीआय करून मी या भागात मोटारी, स्टार्टर आणि आता सोलर असंच काम करत आलो आहे. रात्री लाईन गेली की फोन माझ्याच घरी वाजतो. ज्याच्या घरी बॅटरी जळाली त्याच्यासमोर उभं राहून खर्चाचा आकडा मी सांगितलेला आहे. त्यामुळे भेव घालण्याची हौस कोणाला आहे, हे लिहिण्याआधी थोडा विचार करायला हवा होता. मतभेद असू द्या, पण माणसाच्या हेतूवर जाऊ नका.

आता तुमचं ते एकच वाक्य : ‘टेकवल्या, दोन मिनिटात चालू.’

तुमची बॅटरी १६ सेलची, ५१.२ व्होल्टची असणार. ती पूर्ण उतरली की आतला बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारं सर्किट, डिस्चार्जचा रस्ता बंद करतो. तेव्हा टर्मिनलवर मल्टिमीटर दोन-चार व्होल्ट दाखवतो, पण आत सेल जिवंत असतात. सरासरी २.७ व्होल्ट धरले तरी पॅक ४३ व्होल्टच्या आसपास असतो. चार भरलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांचे होतात जवळपास ५१. म्हणजे फरक ८ व्होल्टचा. दोन्हीकडच्या बॅटऱ्या, बीएमएस आणि जाड वायरी मिळून रोध ५० मिलिओहम धरा. ८ भागिले ०.०५ म्हणजे १६० अँपिअर. तेही १०० अँपिअर-अवरच्या, तळाला गेलेल्या पॅकमध्ये, आणि मध्ये अडवायला काहीच नाही.

आणखी एक. बीएमएस करंटचा रस्ता मॉसफेट नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचने उघडतो-बंद करतो. बंद बीएमएसमध्ये चार्जिंगचा करंट सुरुवातीला डिस्चार्जच्या मॉसफेटमधल्या डायोडमधून जातो. तिथे पाऊण व्होल्टच्या आसपास पडतो, म्हणजे १६० अँपिअरला शंभरावर वॅटची उष्णता त्या इवल्याशा तुकड्यांत. बीएमएसने लगेच मॉसफेट चालू केला किंवा जास्त करंट पाहून रस्ता तोडला तर वाचतो. नाही तर मॉसफेट शॉर्ट होऊन बसतो, आणि मग तो बीएमएस पुढच्या वेळी बॅटरी तोडूच शकत नाही. बाहेरून मात्र सगळं ‘चालू’ दिसतं.

मग तुमचं का जमलं? वायरी बारीक असतील, किंवा ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या अर्ध्या उतरलेल्या असतील. त्या बारीक वायरीनेच करंट अडवला. हात लावून पाहिलं असतं तर ती गरम लागली असती. शिवाय तुमचं इन्व्हर्टर त्या वेळी लिथियमवर उठलं की ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांवर, हे तुम्ही कसं ओळखलं? पॅनल चार्ज करत असताना त्या बॅटऱ्या काढल्या आणि लिथियमचा बीएमएस तोवर चालू झालेला नसला, तर करंटला जायला जागाच उरत नाही. बॅटरीच्या बाजूचा व्होल्टेज उसळतो आणि इन्व्हर्टर ओव्हरव्होल्टेजवर पडतं, कधी कायमचं.

आता मी काय करतो ते एका घराच्या उदाहरणावरून सांगतो. दारव्ह्याकडचं वावरातलं घर, ५ किलोवॅटचं इन्व्हर्टर, ५४० वॅटचे आठ पॅनल. पावसाळ्यात खांब पडून लाईन गेली आणि आभाळ दाटलेलं राहिलं. इन्व्हर्टर स्वतःच रिकामं बसून ५० वॅटच्या आसपास खातं, म्हणजे १४ तासांच्या अंधारात ७०० वॅट-अवर, कोणी दिवा न लावता. मग ऊन पडलं तरी काही उठेना, कारण त्या मॉडेलला पॅनलवरून सुरू व्हायलाही आधी बॅटरी दिसावी लागते. बॅटरीला इन्व्हर्टर उठल्याशिवाय चार्ज नाही, इन्व्हर्टरला बॅटरीशिवाय जीव नाही.

आधी घराच्या लोडचा एमसीबी बंद, मग लाईनचा, मग पॅनलचा डीसी आयसोलेटर. त्या आठ पॅनलच्या स्ट्रिंगवर उन्हात चारशेच्या आसपास डीसी व्होल्ट असतात, म्हणून ते जोड उघड्या हाताने सोडवायचे नाहीत, आयसोलेटरनेच तोडायचं. शेवटी बॅटरीचा ब्रेकर. मग इन्व्हर्टरमधले कपॅसिटर उतरायला पाच मिनिटं थांबलो.

घरच्या लोकांनी आधी बटण दाबून पाहिलं होतं. दिवा लागून लगेच विझायचा. इन्व्हर्टरचे रिकामे कपॅसिटर एकदम करंट ओढतात, तो बीएमएसला शॉर्टसारखा दिसतो, म्हणून तो परत बंद होतो. म्हणून मी ब्रेकर बंदच ठेवून एकट्या बॅटरीचं बटण दाबलं. मीटरवर ४४.३ व्होल्ट आले, मोबाईलच्या ॲपवर सगळ्यात खालचा सेल २.६१. सेल २.५ च्या वर, म्हणजे चार्ज करायला हरकत नाही.

मग छोट्या जनरेटरवर डीसी सप्लाय लावला. आधी मोकळ्यावर ५४ व्होल्ट आणि ५ अँपिअरची मर्यादा बसवली, धन-ऋण दोनदा तपासलं, मगच जोडला. फरक मोठा असला तरी करंट पाचच्या पुढे जात नाही, आणि तुमच्या चार बॅटऱ्यांत नेमकं हेच नाही. दीड तासात साडेसात अँपिअर-अवर गेले आणि सेल ३ व्होल्टच्या वर आले. सप्लाय काढला, ब्रेकर लावला, बटण दाबलं, इन्व्हर्टर उठलं. स्क्रीनवर बॅटरी दिसल्यावर चार्जिंगची मर्यादा २० अँपिअर केली, मग आयसोलेटर लावला. घराचा लोड २० टक्के भरल्यावरच दिला. जाताना इन्व्हर्टरचा कट-ऑफही २० टक्क्यांवर ठेवला, म्हणजे बीएमएसच्या आधी इन्व्हर्टरच लोड सोडेल. कट-ऑफनंतर मात्र ऊन नसेल तर इन्व्हर्टर स्विचवरून बंद करायचं, हे घरच्यांना सांगितलं.

यात पुराण कुठे आहे ते मला दाखवा. ज्या मॉडेलमध्ये लिथियम जागं करण्याची सेटिंग आहे, तिथे लाईन किंवा जनरेटर आला की इतकंही लागत नाही, आणि ते मी मूळ लेखात लिहिलेलं आहे. वाचायचं राहून गेलं असेल.

बाकीच्या शेऱ्यांवर मी वेळ घालवत नाही. फक्त एक करा. तुमच्या बॅटरीचं ॲप असेल तर पूर्ण भरल्यावर आणि बरीच उतरल्यावर प्रत्येक सेलचा आकडा पाहा. एखादा बाकीच्यांपेक्षा आधी पडत असेल तर तो त्या दिवशी दुखावला असू शकतो. आणि पुढच्या वेळी कोणताही सेल २ व्होल्टच्या खाली दिसला, तर टेकवणंही नको आणि माझा सप्लायही नको. सेल त्याहूनही खोल उतरलेला असेल तर आतलं तांबं विरघळलेलं असू शकतं आणि चार्ज करताना ते सेलच्या आत शॉर्ट करू शकतं. असा पॅक घराबाहेर काढून बनवणाऱ्याच्या सर्व्हिस सेंटरला द्या.