वाया कशाला घालवायचं

परवा बायकोच्या वाढदिवसाला माझ्या केकला भर पाहुण्यांत ‘शिरा’ म्हणण्यात आलं. म्हणाल्या शेजारच्या काकू, आणि तेसुद्धा दुसरा पीस संपवत. आता हा शिरा कोणी केला ते ऐका.

केक पायनॅपल, ६ इंची, स्पंजचे ३ थर. अंड्याचा हलका स्पंज, बटर नावालाच, त्यामुळे फ्रीजमध्ये एक रात्र राहिला की घसा कोरडा करतो. म्हणून प्रत्येक थराला साखरपाणी पाजायचं. नुसतं पाणी चालत नाही, ते उडून जातं. साखर ओल धरून ठेवते. ५० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम पाणी, साखर विरघळली की गॅस बंद, गार झाल्यावर अननसाच्या डब्यातलं २ चमचे पाणी. वास गार झाल्यावरच घालायचा, उकळत्यात घातला तर स्वयंपाकघरच छान दरवळतं, केकला काही मिळत नाही.

तर मी ब्रश घेऊन हे करत होतो आणि काकू विरजण मागायला आल्या. विरजण घेऊन जायचं सोडून स्टूलवर बसल्या.

"हे काय रे, केकला रंग देतोयस?"

म्हटलं, काकू, पाक लावतोय.

"हा पाक? तारच नाही याला! पाण्यात साखर पडलीये नुसती."

म्हटलं एकतारी पाक आत शिरतच नाही, वर चिकट थर होऊन बसतो. "मग गुलाबजामात कसा शिरतो?" आता याला काय उत्तर देणार, म्हटलं गुलाबजाम गरम असतो आणि तासन् तास डुंबत असतो, माझा केक पोहायला आलेला नाही. काकूंना हे आवडलं नाही.

"आणि ही वरची खरपूस साल का कापलीस? तेच तर छान लागतं." कारण साल पाणी पीत नाही काकू. (कापलेली साल एव्हाना त्यांच्या हातात होती.) "कडेला जास्त, मध्ये कमी, हा दुजाभाव कशाला?" कारण कडा भट्टीत आधी वाळतात. "आणि असं थापटत काय बसलायस, फिरव की ब्रश सरळ!" ब्रश ओढला की चुरा निघतो. अशी माझी तोंडी परीक्षा अर्धा तास चालली. कॉलेजात माझी व्हायवा ५ मिनिटांत आटपली होती, तीही परीक्षकांना चहाला जायचं होतं म्हणून, असो.

माझा हिशोब साधा होता. वरच्या दोन थरांना २-२ मोठे चमचे आणि सगळ्यात खालच्याला दीडच, कारण वरचं वजन आणि वरून झिरपणारी ओल सगळी त्याच्याच डोक्यावर येते. बोटाने दाबलं तर स्पंज परत वर आला पाहिजे आणि बोट ओलसर लागलं तरी पाणी सुटता कामा नये. तिन्ही थर झाले, अर्धी वाटी पाक उरला. तेवढ्यात बेल वाजली, कुरिअर, त्याचा ओटीपी काही केल्या येईना.

परत आलो तर वाटी रिकामी. धुऊन पालथीसुद्धा घातलेली.

"काकू, पाक?"

"घातला की त्यात. वाया कशाला घालवायचा?"

‘त्यात’ म्हणजे खालच्या थरात. सगळा. स्पंज म्हणजे हवेची घरं, ती पाण्याने गच्च भरली की भिंती मऊ पडून बसतात, मग टिश्यूने कितीही टिपा, वरचं पाणी निघतं, बसलेली घरं उठत नाहीत. मला खरं तर तो थर तिथेच बाजूला काढून दोन थरांचा केक करता आला असता. पण काकू बसल्या होत्या समोर, आणि मी भिडस्त. रचला तसाच.

फ्रीजमध्ये केक एका बाजूला कलला आणि पुठ्ठ्यावर ओलं कडं उमटलं. कापला तेव्हा वरचे दोन थर जाळीदार आणि खाली बोटभर चकचकीत गडद पिवळा पट्टा, सुरीला चिकटणारा. तो पट्टा चमच्याने उचलत काकू सगळ्यांना म्हणाल्या, "चव छान आहे हो, पण खाली शिरा झालाय. मी सांगत होते त्याला, पाक पातळ आहे."

सगळे हसले. बायकोही हसली, ते जास्त लागलं. आता सर्वांसमोर वयस्कर बाईंना काय बोलणार? वर उरलेला केक डब्यात भरून मीच दिला त्यांना, म्हणजे बघा.

काल डबा परत आला. रिकामा डबा परत द्यायची त्यांच्याकडे पद्धत नाही. आत गुलाबजामचा उरलेला पाक, चांगला एकतारी, वर वेलचीचं एक साल तरंगतंय.

"पुढच्या केकला होईल," म्हणाल्या, "वाया कशाला घालवायचा."