बँक गॅरंटी: मार्जिन, मुदत आणि अडकलेली एफडी

"बँक गॅरंटीत आपले पैसे अडकत नाहीत. दहा टक्के मार्जिन भरा, बाकीची जबाबदारी बँकेची. जेवढी कामाची मुदत तेवढीच गॅरंटी काढा, आणि मुदत संपली की दुसऱ्या दिवशी एफडी मोडून घ्या."

ठेकेदारांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. बँक गॅरंटी म्हणजे ठेकेदार शब्दाला चुकला तर काम देणाऱ्या सरकारी विभागाला पैसे देण्याची बँकेची हमी. मी लहान ठेकेदारांची टेंडरची कागदपत्रं आणि बँकेची कामं बघते. या मेसेजवर विसंबून माझ्याकडच्या एकाने एक कोटीच्या कामाचा दर भरला. काम मिळालं, पण त्याचा हिशेब आता जुळत नाही. त्याचे आकडे समोर ठेवूनच लिहिते.

मार्जिन म्हणजे गॅरंटीच्या रकमेपैकी बँकेत एफडी म्हणून ठेवायचा हिस्सा. दहा टक्के मार्जिन मिळतं हे खरं, पण कुणाला? ज्याची बँकेत गॅरंटीची लिमिट आधीच मंजूर आहे, त्यासाठी घर किंवा जागा तारण दिली आहे आणि ज्याचे ताळेबंद व रिटर्न बँकेने तपासले आहेत, त्याला. त्याच्याकडूनही कुठे दहा, कुठे पंधरा, कुठे पंचवीस टक्के घेतात. लिमिट नसलेला माणूस गॅरंटी मागायला गेला, की बँक सहसा पूर्ण रकमेची एफडी करून तिच्यावर लीन मार्क करते, म्हणजे बँकेने सोडेपर्यंत ती मोडता येत नाही. पहिलंच टेंडर भरणारे बहुतेक जण याच रांगेत असतात.

लिमिट असली तरी ती मार्जिनच्या नाही, गॅरंटीच्या पूर्ण रकमेने भरते. समजा लिमिट २० लाखांची आहे, मार्जिन १५ टक्के. ५ लाखांच्या एका गॅरंटीला एफडी ७५ हजारांची लागली, पण लिमिटमधले ५ लाख गेले. अशा चार गॅरंट्या झाल्या की खात्यात पैसे असूनही पाचव्या टेंडरला लिमिट उरत नाही. मग पुन्हा पूर्ण एफडी. लहान ठेकेदाराचं भांडवल इथे अडकतं.

आता बँकेच्या जबाबदारीचं बघू. गॅरंटी काढताना तुम्ही सह्यांचा जो गठ्ठा करता, त्यात एक प्रतिहमी असते. विभागाने गॅरंटी वटवली तर बँक पैसे भरते, तुमची एफडी जमा करून घेते आणि उरलेली रक्कम तुमच्या नावावर कर्ज म्हणून टाकते, व्याजासकट. ते ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की खातं एनपीए. "चूक विभागाची होती, आधी कोर्टात ठरू दे," हे बँकेला सांगून उपयोग होत नाही. गॅरंटी हा बँक आणि विभाग यांच्यातला स्वतंत्र करार आहे. उघड फसवणूक किंवा कधीच भरून न येणारं नुकसान दाखवता आलं तरच कोर्ट वटवणं थांबवतं, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलंय.

सगळ्यात जास्त नुकसान मुदतीच्या वाक्याने होतं. टेंडर भरताना बयाण्याची गॅरंटी देता, तिचा कामाच्या मुदतीशी संबंधच नसतो. केंद्राच्या वित्तीय नियमांप्रमाणे निविदेची वैधता संपल्यावर पुढे ४५ दिवस ती चालू हवी. निविदा भरण्याची शेवटची तारीख १० जून आणि वैधता १२० दिवस असेल, तर वैधता ८ ऑक्टोबरला संपते आणि गॅरंटी २२ नोव्हेंबरपर्यंत लागते. एकाने नेमकी तेवढीच काढली. मग शुद्धिपत्रक आलं, शेवटची तारीख २५ जून झाली. गॅरंटी आता ७ डिसेंबरपर्यंत हवी होती. त्याने शुद्धिपत्रक वाचलं, पण गॅरंटीची तारीख बदलून घेतली नाही. पंधरा दिवस कमी पडले म्हणून तांत्रिक लिफाफ्यातच तो बाद झाला, दराचा लिफाफा उघडलाही नाही. मला आजही त्याची हळहळ वाटते. म्हणून गॅरंटी काढताना मी महिनाभर जादा घ्यायला लावते. त्याचं कमिशन बाद होण्यापेक्षा खूप स्वस्त पडतं.

काम मिळाल्यावर सुरक्षा ठेवीची गॅरंटी येते. आमच्या एक कोटीच्या कामात ती ५ टक्के, म्हणजे ५ लाखांची होती. कामाची मुदत १२ महिने. पण निविदेत लिहिलं होतं की दोषदायित्वाचे, म्हणजे झालेल्या कामातले दोष आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचे २४ महिने आणि त्यानंतर ६० दिवस गॅरंटी जिवंत हवी. झाले ३८ महिने. त्यावर बँकेने १२ महिन्यांचा क्लेम पिरियड, म्हणजे मुदत संपल्यावरही विभागाला मागणी करता येईल असा काळ लावला. झाले ५० महिने. बँकेचं कमिशन वर्षाला २ टक्के होतं, तिमाहीचे अडीच हजार. अर्धवट तिमाहीही पूर्ण धरतात, तेव्हा १७ तिमाह्यांचे ४२,५०० आणि १८ टक्के जीएसटीचे ७,६५०, एकूण ५०,१५० रुपये. दर भरताना त्याने वर्षभराचे ११,८०० धरले होते. शिवाय लिमिट नसल्यामुळे ५ लाखांची एफडी चार वर्षांहून जास्त काळ बांधली गेली. तिच्यावर व्याज मिळतं, पण खडी आणि डांबर त्या व्याजावर येत नाही.

हा क्लेम पिरियड कुठून आला? राज्य किंवा केंद्र सरकारला दावा लावायला मुदतीचा कायदा ३० वर्षं देतो. इतका काळ गॅरंटी डोक्यावर नको म्हणून २०१३ पासून करार कायद्याच्या कलम २८ ला तिसरा अपवाद जोडला गेला. गॅरंटीवरचा हक्क किमान एका वर्षाने संपतो अशी अट बँक घालू शकते, असा त्याचा गाभा. बँकांनी त्याचा अर्थ "क्लेम पिरियड किमान एक वर्षाचा हवाच" असा लावला. लार्सन अँड टुब्रो विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये सांगितलं, की ते वर्ष कोर्टात जाण्यासाठीचं आहे, बँकेकडे मागणी करण्यासाठीचं नाही. निविदेच्या नमुन्यात तीन महिन्यांचा क्लेम पिरियड असेल, तर नमुना आणि हा निकाल दोन्ही घेऊन शाखेत बसा. काही ठिकाणी ऐकतात, काही ठिकाणी नाही. पण मागितलं नाही तर वर्षाचं कमिशन नक्की जातं.

काम लांबलं की आणखी एक गोष्ट होते. कामाला मुदतवाढ मिळते, पण गॅरंटीची वाढ आपोआप होत नाही. विभाग बँकेला लिहितो: मुदत वाढवा, नाहीतर रक्कम द्या. हे पत्र म्हणजे मागणीच. एकदा असं पत्र गुरुवारी आलं आणि गॅरंटी संपत होती दुसऱ्या शनिवारी, बँक बंद. शुक्रवारी स्टॅम्प पेपर, अर्ज, वाढीव कमिशन आणि शाखाधिकाऱ्याची सही हे सगळं करताना त्या ठेकेदाराचा बीपी वाढला होता. तेव्हापासून प्रत्येक गॅरंटीच्या मुदतीच्या ४५ दिवस आधीची तारीख मी वहीत लाल शाईने लिहून ठेवते.

आणि एफडी. मुदत संपली तरी क्लेम पिरियड संपेपर्यंत बँक लीन काढत नाही. त्याआधी सोडवायची असेल, तर मूळ गॅरंटी विभागाकडून परत घ्यायची आणि कार्यकारी अभियंत्याचं मुक्ततेचं पत्र जोडून बँकेत द्यायची. त्यासाठी दोषदायित्व संपण्याच्या महिनाभर आधीच अर्ज टाका, संयुक्त पाहणी मागा, अर्जावर आवक क्रमांक घ्या. आमच्या एका कामात पाहणी मार्चमध्ये झाली, पत्र जूनमध्ये निघालं, आणि पत्र दिल्यावर चौथ्या दिवशी एफडी सुटली.